इंदूरचा शेव-नमकीन कारखाना आणि शेअर बाजारातील स्पर्धक: कंपनीच्या छापील हिशेबांवरून आपल्या योजनेतील नफा व खर्च पडताळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये शेव-नमकीनचे छोटे कारखाने चालवणारी अनेक मराठी कुटुंबे विस्तारासाठी बँकेकडे जातात, तेव्हा प्रकल्प अहवालात नफ्याचे प्रमाण किती धरावे हा प्रश्न माझ्याकडे येतो. या धंद्यातील प्रताप स्नॅक्स ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी इंदूरचीच आहे, बिकानेरची बिकाजी फूड्स आणि राजकोटची गोपाल स्नॅक्स यांचेही हिशेब कोणालाही पाहता येतात, त्यामुळे तुलनेसाठी साहित्य हाताशी आहे. ते वापरताना विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली देत आहे. उदाहरणातील कंपनीचे व कारखान्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत, ते वरीलपैकी कोणत्याही कंपनीचे नाहीत.

हे हिशेब कुठे मिळतात, आणि नेमके काय उतरवून घ्यावे?

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की वार्षिक अहवाल आणि तिमाही निकाल विनामूल्य मिळतात. आपल्याला वार्षिक अहवालच हवा, कारण तिमाही निकालात खर्चाच्या ओळी ठोक असतात आणि त्यांची फोड करणाऱ्या टिपा फक्त वार्षिक हिशेबाला जोडलेल्या असतात. नफा-तोटा पत्रक हे एका पानाचे असते, पण खरे काम त्यामागच्या टिपांमध्ये आहे. महसुलाची टीप, वापरलेल्या मालाची टीप, कर्मचारी खर्चाची टीप, इतर खर्चाची टीप आणि भाडेपट्ट्यांची टीप अशा पाच टिपा छापून घ्याव्यात. गेल्या तीन वर्षांचे अहवाल घ्यावेत, एकाच वर्षाचा नको. त्याचे कारण पुढे येईल.

स्वतंत्र हिशेब पाहावेत की एकत्रित?

स्वतंत्र हिशेब फक्त मूळ कंपनीचे असतात, एकत्रित हिशेबात तिच्या उपकंपन्याही येतात. ज्या हिशेबात आपल्यासारखा माल बनवणारा कारखाना आहे तो पाहावा. उपकंपनी नगण्य असेल तर दोन्हींत फारसा फरक पडत नाही, पण तीन वर्षे मिळून एकाच प्रकारचे हिशेब वापरावेत.

पत्रकातील ओळी आमच्या खातेवहीतील ओळींशी जुळत नाहीत. असे का?

कंपनी कायदा 2013 च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे कंपन्या खर्च त्याच्या स्वरूपानुसार मांडतात, तो कोणत्या कामासाठी झाला त्यानुसार मांडत नाहीत. भट्टीवर शेव पाडणारा कारागीर, पॅकिंगवरच्या बायका, दुकानोदुकानी ऑर्डर घेणारा विक्री प्रतिनिधी आणि मुख्य कार्यालयातील व्यवस्थापक या सगळ्यांचे पगार कर्मचारी खर्चाच्या एकाच ओळीत येतात. आपण मात्र कारखान्याची मजुरी वेगळी आणि दुकानाचा पगार वेगळा लिहितो. वीज, गॅस, वाहतूक, जाहिरात आणि बाहेरच्या कारखान्याला दिलेली मजुरी हे सारे इतर खर्चाच्या ओळीत एकत्र होते व टिपेत उघडते.

म्हणून पहिली पायरी ही की, आपला हिशेब त्यांच्या मांडणीत बसवावा. त्यांचा हिशेब आपल्या मांडणीत बसवायचा प्रयत्न करू नये, कारण तेवढी फोड त्यांच्या अहवालात मिळत नाही.

आता मानलेल्या कंपनीचे एका वर्षाचे आकडे पाहू. रकमा कोटी रुपयांत आहेत.

| ओळ | रक्कम |
|---|---|
| मालाची विक्री | 992 |
| सरकारी प्रोत्साहन रक्कम, महसुलातच धरलेली | 8 |
| एकूण महसूल | 1,000 |
| वापरलेला कच्चा माल व पॅकिंग | 690 |
| विकण्यासाठी घेतलेला तयार माल | 20 |
| तयार मालाच्या साठ्यातील वाढ (वजा) | 4 |
| कर्मचारी खर्च | 60 |
| इतर खर्च | 165 |

इतर खर्चाच्या टिपेत वाहतूक 70, बाहेरून करून घेतलेल्या उत्पादनाची मजुरी 28, वीज व इंधन 22, जाहिरात 12 आणि बाकी किरकोळ 33 अशी फोड आहे. घसारा आणि व्याज यांच्या पत्रकात वेगळ्या ओळी असतात, त्यांचा विचार भाड्याच्या प्रश्नात करू.

ढोबळ नफा कसा काढावा?

मालावरचा खर्च म्हणजे 690 अधिक 20 वजा 4, एकूण 706 कोटी. एकूण महसूल 1,000 धरला तर ढोबळ नफा 29.4 टक्के दिसतो. पण त्यातील 8 कोटी सरकारी प्रोत्साहनाचे आहेत. खाद्यप्रक्रियेसाठी केंद्राने 2021 मध्ये 10,900 कोटींची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली, आणि अशा प्रोत्साहनाची रक्कम कंपन्या इतर परिचालन महसुलात दाखवू शकतात. ती रक्कम शेव विकून आलेली नाही आणि छोट्या कारखान्याला ती मिळणार नाही, म्हणून ती काढून टाकावी. 992 वजा 706 म्हणजे 286, आणि 992 वर त्याचे प्रमाण 28.8 टक्के. आपल्या तुलनेला हाच आकडा घ्यावा.

साठ्याच्या बदलाची ओळ कित्येक जण गाळतात. साठा वाढला तर ती वजा येते, घटला तर अधिक येते. ती गाळली तर गोदामात पडून राहिलेल्या मालाचा खर्च विकलेल्या मालावर चढतो आणि ढोबळ नफा उगाच कमी दिसतो.

आणखी एक गोष्ट टिपेत तपासावी. बहुतेक नमकीन कंपन्या पिशवीची फिल्म व खोके वापरलेल्या मालातच धरतात, पण सगळ्याच तसे करतात असे गृहीत धरू नये. पॅकिंग इतर खर्चात असेल तर ते उचलून वर आणल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

कंपनीचा महसूल म्हणजे एमआरपीवरची विक्री का?

नाही, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. सूचीबद्ध कंपनीचा महसूल जीएसटी वगळून असतो, शिवाय इंड एएस 115 या भारतीय लेखामानकानुसार व्यापाऱ्यांना दिलेली सूट आणि योजनांची रक्कम त्यातून आधीच वजा झालेली असते. म्हणजे कंपनीने सुपर स्टॉकिस्टला किंवा वितरकाला ज्या भावाने माल दिला, त्या भावाचा तो महसूल आहे.

सांवेर रोडवर शेवेचा कारखाना असलेले दोघे भाऊ माझ्याकडे योजना घेऊन आले होते. महिन्याला 30 टन, म्हणजे वर्षाला 3,60,000 किलो शेव असा त्यांचा अंदाज होता. किलोची एमआरपी 240 रुपये, त्यातून 5 टक्के जीएसटी काढला तर 228.57 रुपये उरतात. त्यांनी हाच भाव धरून 8.23 कोटींची उलाढाल दाखवली होती, कंपनीच्या अहवालातून ढोबळ नफ्याचे प्रमाण उचलून त्यावर लावले होते, आणि खाली वितरकाचे कमिशन म्हणून 10 टक्के खर्च टाकला होता. धाकटा म्हणाला, “काका, कंपनीचा ढोबळ नफा 29 टक्क्यांच्या आसपास आहे, आम्ही तोच धरला आहे, मग बँकेने शंका का घ्यावी?”

शंका अशी की, दुकानदार, वितरक आणि योजना यांत मिळून त्यांचे सुमारे 30 टक्के जात होते. 228.57 मधून ते काढले की हातात किलोला 160 रुपये येतात, आणि खरी उलाढाल 5.76 कोटी होते. कंपनीचे 28.8 टक्के हे अशा 160 रुपयांवरचे प्रमाण आहे, 228 रुपयांवरचे नाही. एमआरपीच्या उलाढालीवर ते लावल्याने ढोबळ नफा 2.37 कोटी दिसत होता, आणि कमिशन फक्त 10 टक्के धरल्याने उरलेला 20 टक्क्यांचा भार हिशेबात कुठेच नव्हता.

योजनांबाबतही दक्ष राहावे. दहा पिशव्यांवर एक फुकट दिली तर बिलावरचा भाव बदलत नाही, पण माल अकरा पिशव्यांचा जातो. 160 रुपयांच्या मालावर अशी योजना असेल तर मिळणारा भाव 145 रुपयांच्या जवळ येतो. वर धरलेले 160 हे योजना वजा जाऊन हाती येणारे आहेत.

आमचा मालाचा खर्च कंपनीपेक्षा कमी निघतो. ही चांगली बातमी मानावी का?

आधी तराजू आणावा. या भावांचेच पुढे सांगतो, कारण तुलनेचा सर्वात मोठा उपयोग मला इथे दिसला.

त्यांच्या अंदाजाप्रमाणे एक किलो शेवेला बेसन 650 ग्रॅम, किलोला 80 रुपये दराने 52 रुपये. तेल 300 ग्रॅम, 140 रुपये दराने 42 रुपये. मसाला व मीठ 4 रुपये. पॅकिंग 11 रुपये. एकूण 109 रुपये. 160 वर ढोबळ नफा 31.9 टक्के, म्हणजे कंपनीपेक्षा तीन टक्के वर.

हे पटण्यासारखे नव्हते. टँकरने तेल घेणारी कंपनी आणि सियागंजमधून टिनने तेल घेणारा कारखाना यांत तेल कंपनीलाच स्वस्त पडणार. बेसनाचेही तसेच. लहान कारखान्याचे मालाचे प्रमाण मोठ्यापेक्षा चांगले येत असेल तर तीनच कारणे संभवतात: त्याला भाव जास्त मिळतो, त्याचा माल वेगळा आहे, किंवा कुठेतरी मोजणी चुकली आहे. त्यांचा भाव जास्त नव्हता आणि माल साधी शेव होती.

म्हणून आम्ही सहा दिवस तेल मोजले. सकाळी कढईत किती तेल आहे ते वजन करायचे, दिवसभरात फुटलेल्या टिनांची खूण भिंतीवर करायची आणि रात्री शेवटचा घाणा निघाल्यावर उरलेले तेल पुन्हा तोलायचे. सहा दिवसांत 6,900 किलो शेव निघाली. किलोला 300 ग्रॅम लागत असते तर 15 किलोचे 138 टिन संपायला हवे होते. प्रत्यक्षात 161 संपले. म्हणजे किलोला 350 ग्रॅम. शेवेत मुरलेले तेल त्यांनी बरोबर धरले होते. चुऱ्याबरोबर गेलेले, काळे पडल्यावर काढून टाकलेले आणि टिनाच्या तळाशी राहिलेले तेल त्यांनी कधीच मोजले नव्हते.

50 ग्रॅम म्हणजे किलोला 7 रुपये. मालाचा खर्च 116 रुपये झाला आणि ढोबळ नफा 44 रुपये, म्हणजे 27.5 टक्के. कंपनीपेक्षा सव्वा टक्का कमी, आणि खरेदीच्या भावातील फरक पाहता हे पटते.

कर्मचारी खर्च कंपनीत 6 टक्के आणि आमच्याकडे 9 टक्के. आमच्याकडे माणसे जास्त आहेत का?

कदाचित नाहीत. त्या 60 कोटींत बाहेरच्या कारखान्यांत राबणारी माणसे नाहीत. नमकीन कंपन्यांत करारावर उत्पादन करून घेण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्याची मजुरी इतर खर्चात जाते. आपल्या मानलेल्या कंपनीत ती 28 कोटी आहे. दोन्ही मिळवले तर 88 कोटी, म्हणजे 8.9 टक्के.

ही बेरीजही पूर्ण खरी नाही, कारण करारदाराला दिलेल्या मजुरीत त्याचा गॅस, त्याच्या शेडचे भाडे आणि त्याचा नफाही आहे. म्हणून कंपनीचा खरा मनुष्यबळ खर्च 6 आणि 8.9 यांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढेच म्हणता येते. मी योजनेत अशा वेळी एक आकडा न लिहिता ही पट्टी लिहितो.

आपल्या बाजूने उलटी चूक होते. भावांकडे 22 कामगार होते, सरासरी 16,000 रुपये महिना, वर्षाचे 42.24 लाख. उलाढालीच्या 7.3 टक्के. पण दोघे भाऊ स्वतः सकाळी सहापासून भट्टीवर असतात आणि त्यांचा पगार कुठेच नव्हता. कंपनीत ते काम करणारा व्यवस्थापक पगार घेतो. प्रत्येकी 40,000 रुपये धरले तेव्हा एकूण 51.84 लाख, म्हणजे 9 टक्के झाले. घरच्या माणसाचे श्रम शून्य किमतीचे धरलेली योजना दुसरी पाळी सुरू करताच कोलमडते, कारण त्या पाळीला माणूस पगारावरच ठेवावा लागतो.

वीज-इंधनाचे प्रमाणही आमचे दुप्पट येते.

कारण तेच. करारदाराकडे जळणारा गॅस कंपनीच्या वीज-इंधनाच्या ओळीत येत नाही. कंपनीचे 2.2 टक्के आणि छोट्या कारखान्याचे 4.5 टक्के यावरून भट्टी वाईट आहे असा निष्कर्ष काढू नये. भट्टीची पारख किलोमागे लागणाऱ्या गॅसवरून करावी, टक्क्यांवरून नाही.

वाहतुकीचा टक्का जसाच्या तसा घेता येईल का?

ही एक ओळ तर मुळीच घेऊ नये. वेफर्स आणि रिंग्ज यांनी ट्रक आकारमानाने भरतो, वजनाने नाही. अर्धा ट्रक हवाच वाहतो. शेव जड असते आणि त्याच ट्रकमध्ये कितीतरी अधिक रुपयांचा माल बसतो. ज्या कंपनीच्या विक्रीत फुगीर मालाचा वाटा मोठा आहे, तिचा वाहतुकीचा टक्का शेवेच्या कारखान्याला लागू पडत नाही. शिवाय ती देशभर माल पाठवते, आणि आपण देवास, उज्जैन, महूपर्यंत.

ओळीच्या नावावरही विसंबू नये. गोपाल स्नॅक्सकडे स्वतःच्या मालवाहू गाड्यांचा ताफा आहे. स्वतःच्या गाडीचे डिझेल, चालकाचा पगार आणि गाडीचा घसारा हे तीन वेगळ्या ओळींत विखुरतात, आणि बाहेरच्या वाहतूकदाराचे बिल मात्र एकाच ओळीत येते. त्याच कंपनीकडे स्वतःची बेसन गिरणीही आहे, त्यामुळे हरभरा दळण्याची किंमत तिच्या मजुरी, वीज व घसाऱ्यात आहे, तर तयार बेसन घेणाऱ्याच्या बाबतीत ती मालाच्या खर्चात आहे. तिचा ढोबळ नफा आपल्याहून वर दिसला तरी त्यातील काही भाग गिरणीचा आहे.

भावांसाठी आम्ही वाहतूक मार्गांवरून काढली: कोणत्या दिवशी कोणती गाडी, किती फेऱ्या, किती किलो. ती उलाढालीच्या 3 टक्के आली.

कंपनीचा एबिटा आणि आमचा परिचालन नफा यांची तुलना करता येते का?

एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. भाडे दुरुस्त केल्यानंतर तुलना करता येते. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 लागू झाल्यावर सूचीबद्ध कंपन्यांचे बहुतेक दीर्घ मुदतीचे भाडे भाडे म्हणून दिसत नाही. ते काही घसाऱ्यात आणि काही व्याजात जाते, आणि एबिटा त्या दोन्हींच्या आधी काढला जात असल्याने तेवढा फुगतो. आपले शेडचे भाडे मात्र खर्चातच असते.

मानलेल्या कंपनीत महसूल 1,000, त्यातून 706, 60 आणि 165 वजा केले तर 69 कोटी उरतात, म्हणजे 6.9 टक्के. प्रोत्साहनाचे 8 काढले की 61. रोख प्रवाह पत्रकात वित्तपुरवठ्याच्या भागात भाडेपट्ट्यांपोटी दिलेली रक्कम असते, मुद्दल आणि व्याज मिळून 12 कोटी धरू. ती वजा केली की 49, आणि 992 वर त्याचे प्रमाण 4.9 टक्के. वरवर दिसलेल्या 6.9 मधले दोन टक्के या दोन दुरुस्त्यांतच गेले. इतर उत्पन्न, म्हणजे ठेवींवरचे व्याज वगैरे, यात कधीही मिसळू नये.

मग आमच्या योजनेत शेवटी काय आकडा येतो?

भावांच्या कारखान्याचा ढोबळ नफा किलोला 44 रुपयांप्रमाणे 158.4 लाख. त्यातून मनुष्यबळ 51.84, वीज-इंधन 25.92, वाहतूक 17.28, जाहिरात 5.76, शेडचे भाडे 7.2 आणि किरकोळ 17.28 लाख, एकूण 125.28 लाख वजा केले. उरले 33.12 लाख, उलाढालीच्या पावणेसहा टक्के.

कंपनीच्या दुरुस्त 4.9 टक्क्यांपेक्षा हे थोडे वर आहे, आणि तसे का हे ओळीओळीने सांगता येते: माल व इंधनात आपण महाग, वाहतुकीत बरेच स्वस्त. बँकेला सादर करताना फरकाची ही कारणे एका पानावर लिहून जोडावीत. फरक आहे म्हणून अहवाल अडत नाही, फरकाचे कारण सांगता आले नाही तर अडतो. त्यांनी मूळ अहवालात धरलेला परिचालन नफा याच्या दुपटीहून जास्त होता.

कोणते वर्ष तुलनेला घ्यावे?

एकच वर्ष घेतले तर आपण तेलाच्या भावाची तुलना करतो, धंद्याची नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पामतेलावरील आयात शुल्क उपकर धरून 5.5 वरून 27.5 टक्के केले आणि मे 2025 च्या अखेरीस ते 16.5 टक्क्यांवर आणले. म्हणजे 2024-25 च्या हिशेबात पहिले साडेपाच महिने एक शुल्क आणि उरलेले महिने दुसरे आहे. त्या वर्षाचे सरासरी प्रमाण प्रत्यक्ष कोणत्याच महिन्याचे नव्हते. तिमाही निकाल इथे उपयोगी पडतात: त्यांत फोड नसते, पण मालाच्या खर्चाची ओळ असते आणि ढोबळ नफा तिमाहीगणिक काढता येतो. डिसेंबर 2024 मध्ये गोपाल स्नॅक्सच्या राजकोटच्या कारखान्याला मोठी आग लागली, म्हणून त्या कंपनीच्या त्या वर्षाचे प्रमाण नेहमीचे म्हणून घेऊ नये. अपवादात्मक बाबींची ओळ आणि तिची टीप दर वर्षी वाचावी.

जीएसटीचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनवर 12 वरून 5 टक्के झाला. महसूल करवजा असल्याने प्रमाणे थेट बिघडत नाहीत, पण त्यानंतर कंपन्यांनी भाव उतरवले किंवा पिशवीचे वजन वाढवले, तर किलोमागचा भाव बदलतो. आधीच्या वर्षांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

तेलाचा भाव वाढला तर आमची योजना टिकेल का, हे या हिशेबांवरून कळते का?

होय. तेल किलोला 20 रुपयांनी वाढले तर 350 ग्रॅमप्रमाणे शेवेच्या किलोला 7 रुपये, वर्षाला 25.2 लाख. भाव वाढवता आला नाही तर 33.12 लाखांतून 7.92 लाखच उरतात. 60 लाखांचे कर्ज, पाच वर्षे, 10 टक्के व्याज धरले तर पहिल्या वर्षी मुद्दल 12 आणि व्याज 6 असे 18 लाख लागतात. आधीच्या स्थितीत ते भागतात, दुसऱ्या स्थितीत मुळीच भागत नाहीत.

आता कंपनीचे तिमाही आकडे पाहावेत. तेल महागल्यानंतर तिचा ढोबळ नफा किती तिमाहींनी पूर्ववत झाला? ज्या कंपनीचे नाव दुकानदाराच्या तोंडी आहे तिला भाव वाढवायला किंवा पाच रुपयांच्या पिशवीतील ग्रॅम कमी करायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात आपण ते करू असे धरू नये. भावांच्या योजनेत आम्ही दोन तिमाहींचा फटका, म्हणजे 12.6 लाख, गृहीत धरला आणि तेवढी रक्कम खेळत्या भांडवलात राखून ठेवायला सांगितले. थोरल्याने त्यासाठी दुसरे पॅकिंग यंत्र एक वर्ष पुढे ढकलले.

उधारीचे दिवसही कंपनीच्या ताळेबंदावरून धरावेत का?

धरू नयेत. येणे रकमेला महसुलाने भागून 365 ने गुणले की दिवस येतात, पण ताळेबंद 31 मार्चचा असतो आणि त्या एका दिवसाची स्थिती वर्षभराची नसते. शिवाय मोठी कंपनी वितरकाकडून आगाऊ पैसे घेऊ शकते. राजवाड्याजवळचा किराणा दुकानदार आपल्याला आठवड्याने किंवा पंधरवड्याने देतो. आपले दिवस आपल्या वहीतून काढावेत.

ज्यांच्याशी आमची खरी स्पर्धा आहे ती कंपनी शेअर बाजारात नाही. तिचे हिशेब मिळतील का?

ती खासगी मर्यादित कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून तिचे दाखल केलेले वार्षिक हिशेब पाहता येतात. भागीदारी पेढी किंवा एकाच मालकाचा धंदा असेल तर तसे काही उपलब्ध नसते. खासगी कंपनीच्या हिशेबात मालकाच्या नातलगांना दिलेले पगार व भाडे बाजारभावाने असतीलच असे नाही, म्हणून संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप वाचूनच कर्मचारी खर्च व भाड्याची तुलना करावी.